दिवाळीचा एक रुपया कुठून आणायचा? रोज बाराशे लिटरच्या दूध केंद्राचं अंदाजपत्रक

प्रश्न: आमच्या गावच्या दूध संस्थेत रोज सरासरी १,२०० लिटर गाईचं दूध येतं. शंभरेक उत्पादक आहेत. यंदा २,००० लिटरचा बल्क कूलर बसवला. दर दहा दिवसांनी बिल करतो, दूध तालुका संघाला जातं. वर्षाचं अंदाजपत्रक कसं बसवायचं? विजेचा आणि डिझेलचा खर्च किती धरायचा? सभासद दिवाळीला लिटरमागे एक रुपया बोनस मागतायत, तो बसेल का?

उत्तर:

एक रुपया म्हणजे वर्षाला ४,३८,००० रुपये. तुमच्या आकाराच्या संस्थेच्या स्वतःच्या शिलकीतून तो बसत नाही, आणि का बसत नाही हे आकड्यांतून दिसेल. संघाकडून दिवाळीआधी येणारा दूध दर फरक वेगळा असतो. तो आला तर एक रुपया सहज वाटता येतो, पण ती कमाई संस्थेची नसते. या दोन पैशांची सरमिसळ झाली की अंदाजपत्रक बिघडतं, म्हणून सुरुवातीपासून ते वेगळे ठेवू.

पहिली गोष्ट, दुधाचे पैसे अंदाजपत्रकात जमा म्हणून मिरवू नका. लिटरला ३४ रुपये दर धरला तर वर्षाला जवळजवळ दीड कोटी रुपये संस्थेच्या खात्यातून जातात. आकडा पाहून संचालकांना संस्था मोठी वाटते, पण ते पैसे संघाकडून येऊन उत्पादकाकडे जाणारे आहेत. संस्थेच्या हातात राहतं ते कमिशन, शीतकरणाचा दर आणि किरकोळ जमा. अंदाजपत्रक त्यावरच उभं करायचं आणि प्रत्येक ओळ लिटरमागे किती पैसे पडते ते शेजारी लिहायचं. सभेत ‘लाख’ ऐकून कोणाला काही कळत नाही, ‘लिटरला सतरा पैसे’ म्हटलं की लगेच कळतं.

खालचे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत. कमिशन १ रुपया, शीतकरण ७५ पैसे, वीज स्थिर आकारासह सरासरी १० रुपये युनिट, डिझेल ९२ रुपये लिटर. तुमच्या संघाच्या पत्रातले आणि वीजबिलातले आकडे घालून हाच तक्ता पुन्हा करा.

| बाब | वर्षाला रुपये | लिटरमागे पैसे |
|---|---|---|
| संघाचं कमिशन | ४,३८,००० | १०० |
| शीतकरण दर | ३,२८,५०० | ७५ |
| नमुना दूध | ३२,८५० | ७.५ |
| पशुखाद्य कमिशन | १८,००० | ४ |
| एकूण जमा | ८,१७,३५० | १८६.५ |
| वीज | १,०९,५०० | २५ |
| डिझेल आणि जनरेटरची देखभाल | ७७,००० | १७.५ |
| धुलाईची रसायनं | १८,००० | ४ |
| कूलरची देखभाल, गॅस | २४,००० | ५.५ |
| कूलर आणि जनरेटरचा घसारा | ७५,००० | १७ |
| पगार आणि कर्मचारी बोनस | ३,२५,००० | ७४ |
| तपासणी, स्टेशनरी, संगणक | २४,००० | ५.५ |
| इमारत, ऑडिट, परवाने, बँक | ३८,००० | ८.५ |
| दूध घट | २९,८०० | ७ |
| फॅट-एसएनएफ तफावत | ४३,८०० | १० |
| एकूण खर्च | ७,६४,१०० | १७४.५ |
| शिल्लक | ५३,२५० | १२ |

नमुना दुधाची ओळ जपून धरा. इथे शंभर उत्पादकांकडून दोन वेळा, यंत्राने वापरलेलं वगळून वेळेला १५ मिलि उरतं असं धरलंय, म्हणजे रोज ३ लिटर, ३० रुपये दराने. नमुना मापाआधी काढला जातो तिथेच ही जमा खरी असते. मापानंतर काढत असाल तर त्या दुधाचे पैसे तुम्ही उत्पादकाला दिलेलेच आहेत, म्हणून ही ओळ शून्य धरा. आणि हे दूध कोण, कुठे, कोणत्या दराने विकतो याचा ठराव नोंदवहीत असू द्या. गावातल्या निम्म्या तक्रारी याच बादलीवरून होतात.

शीतकरणाचा हिशेब

दूध साधारण ३५ अंशांना येतं आणि ते ४ अंशांवर न्यायचं असतं. शंभर लिटर दुधातून एवढी उष्णता काढायची म्हणजे सुमारे साडेतीन युनिट उष्णता. कॉम्प्रेसर एका युनिट विजेत दोन ते अडीच युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणून निव्वळ थंड करायला दीड युनिट पुरतं. उरलेलं ढवळणीची मोटर, टँकर येईपर्यंत दूध थंड राखणं, धुलाईचा पंप आणि दिवे यांना लागतं. म्हणून मीटरवर शंभर लिटरला अडीच युनिट धरलंय. वर्षाला १०,९५० युनिट होतात. जनरेटरवर चालणारा भाग वेगळा.

हा अडीचचा आकडा एकदा धरून विसरायचा नाही. दर दहा दिवसांनी मीटरचं रीडिंग घ्या, त्या काळातल्या लिटरने भागा. आकडा साडेतीनच्या वर सरकला तर आधी कंडेन्सरच्या जाळीकडे बघा. चाऱ्याची धूळ आणि पेंडीची भुकटी तिथे बसते, पंखा नुसता फिरत राहतो आणि कॉम्प्रेसर तासभर जास्त चालतो. मऊ ब्रशने आणि हवेने दर आठवड्याला साफ केली की फरक लगेच दिसतो. जाळी स्वच्छ असून आकडा उतरत नसेल तर गॅस कमी झालाय का ते मेकॅनिककडून तपासून घ्या. तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कूलर पत्र्याच्या खोलीत भिंतीला चिकटून ठेवलेला असतो आणि कंडेन्सर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत असतो. हवा बाहेर टाकणारी खिडकी हा तिथला सर्वात स्वस्त उपाय.

डिझेल मात्र खर्चाचा खरा चोर आहे. कूलरचा भार सहा किलोवॅटच्या आसपास धरा. मीटरवर तासाला सहा युनिट म्हणजे ६० रुपये. गावातल्या जनरेटरला तेवढ्याच भारावर तासाला अडीच लिटर डिझेल लागतं, म्हणजे २३० रुपये. जवळजवळ चौपट. वर तक्त्यात वर्षाला ३०० तास धरलेत, त्याचे ६९,००० आणि ऑईल-फिल्टरचे ८,०००. तास ५०० झाले तर ४६,००० जादा जातात आणि तुमची शिलकीची ओळ जवळपास पुसली जाते. म्हणून जनरेटरवर तासमापक हवाच. डिझेलची पावती तासांशी जुळवायची. अडीच लिटरऐवजी साडेतीन पडायला लागले तर इंजिन तरी बिघडलंय, नाहीतर डिझेल दुसरीकडे जातंय.

जनरेटरच्या वेळेचं भारनियमनाशी असलेलं नातंही बघा. संध्याकाळचं संकलन साडेसातला संपतं आणि वीज आठला जाणार असेल तर कॉम्प्रेसर संकलन सुरू असतानाच चालू हवा. ढवळणीचं पातं दुधात बुडलं की सुरू करायचा, त्याआधी नाही. दूध फार थोडं असताना कॉम्प्रेसर लावला तर तळाशी बर्फ धरतो, फॅट विस्कटतं आणि दुसऱ्या दिवशी संघाचा नमुना चुकतो.

क्षमतेचाही एक मुद्दा आहे. रोज १,२०० ही सरासरी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते १,४५० होईल, एप्रिल ते जून ८८० वर येईल. दोन हजारांचा कूलर रोजच्या टँकरला पुरेसा आहे. संघ एक दिवसाआड टँकर पाठवायचं म्हणाला तर मात्र दोन दिवसांचं दूध २,४०० लिटर होतं आणि ते बसत नाही. असा बदल लेखी आल्याशिवाय मान्य करू नका.

घसाऱ्याची ओळ बहुतेक संस्था सोडून देतात, कारण पैसे हातातून जात नाहीत. कूलर आणि जनरेटर मिळून नऊ लाख आणि आयुष्य बारा वर्षं धरलं तर वर्षाला ७५,००० येतात. ही रक्कम दरवर्षी वेगळ्या ठेवीत टाका. ती ओळ काढली की शिल्लक एकदम सव्वा लाखावर जाते, सगळे खुश होतात, आणि कॉम्प्रेसर बसला की कर्ज काढावं लागतं. कूलर संघाच्या किंवा अनुदानाच्या पैशातून आला असेल तर शीतकरण दर बहुधा कमी मिळतो, तेव्हा ही ओळ त्याप्रमाणे बदला.

आता उन्हाळा. वर्षाच्या सरासरीने शीतकरणाचा खर्च घसाऱ्यासह लिटरला ६९ पैसे येतो, ७५ मिळतात, म्हणजे सहा पैसे सुटतात. पण एप्रिल ते जून हेच गणित वेगळं मांडा. दूध ८० हजार लिटर, हवा तापलेली, दूध कमी, म्हणून शंभर लिटरला ३.३ युनिट लागतात. वीज २६,४००, जनरेटरचे १०० तास म्हणजे २३,०००, त्याची देखभाल २,०००, धुलाई ४,५००, कूलरची देखभाल ६,०००, घसारा १८,७५०. एकूण ८०,६५०, म्हणजे लिटरला एक रुपया. तीन महिन्यांत लिटरमागे पंचवीस पैसे तोटा. तो हिवाळ्यातल्या दुधाने भरून निघतो. म्हणून फेब्रुवारीअखेर शिल्लक दिसली म्हणून मार्चमध्ये काही वाटू नका. त्या पैशातून उन्हाळा काढायचा असतो.

विजेपेक्षा मोठी गळती

आता सर्वात महत्त्वाचं, आणि अंदाजपत्रकात सर्वात कमी जागा मिळणारं. तुमच्या दरपत्रकात फॅटच्या एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ३० पैसे फरक असेल असं धरा. केंद्रावर दिवसभरात सरासरी ३.८ फॅटचं दूध घेतलं आणि संघाने टँकरचं ३.७ काढलं, तर रोज ३६० रुपये गेले. वर्षाला १,३१,४००. हे तुमच्या वर्षाच्या वीजबिलापेक्षा जास्त आहे. वर तक्त्यात तफावतीला १० पैसे धरलेत, म्हणजे केवळ एक तृतीयांश पॉइंट. यापेक्षा जास्त सुटला की बोनस विसरा.

सरासरी काढताना चूक होते ती अशी. शंभर उत्पादकांच्या फॅटची बेरीज करून शंभराने भागतात. दोन लिटर घालणाऱ्याचा ४.५ आणि चाळीस लिटर घालणाऱ्याचा ३.४ सारख्याच वजनाने मोजला जातो आणि सरासरी फुगते. प्रत्येकाचं लिटर गुणिले फॅट काढून, त्या बेरजेला एकूण लिटरने भागायचं. तेवढाच आकडा संघाच्या आकड्याशी ताडून बघण्याजोगा असतो.

याहून चांगली पद्धत किलो फॅटची. दहा दिवसांत १२,००० लिटर घेतलं, म्हणजे १,०३० ने गुणून हजाराने भागलं की १२,३६० किलो. ३.८ टक्क्यांनी ४६९.७ किलो फॅट विकत घेतलं. संघाला ११,९७६ लिटर ३.७ ने गेलं, म्हणजे ४५६.४ किलो. तेरा किलो फॅट कमी. यात सांडलेलं दूध, मापाची चूक आणि तपासणीची चूक तिन्ही एका आकड्यात पकडली जातात. लिटर जुळत असून किलो फॅट कमी असेल तर तपासणी बघा. लिटरही कमी असेल तर माप आणि नळी बघा.

तपासणीत चुकतं कुठे? बहुतेक वेळा नमुन्यात. कॅनमध्ये दूध पाच मिनिटं उभं राहिलं की साय वर येते. मापाड्याने वरून डाव बुडवून घेतलं तर फॅट जास्त येतं आणि तेवढे पैसे संस्था देते. डाव वरून खाली चार-पाच वेळा फिरवून मगच नमुना काढायचा. फेस असलेलं दूध यंत्रात घातलं की हवेच्या बुडबुड्यांनी आकडा हलतो. आणि टँकर भरायच्या आधी कूलरची ढवळणी किमान पाच-दहा मिनिटं चालवल्याशिवाय संघाच्या माणसाला नमुना काढू देऊ नका. रात्रभर शांत असलेल्या कूलरमधून काढलेला नमुना पातळ येतो आणि त्यात तुमचंच नुकसान होतं. नमुन्याची जोड बाटली सीलबंद करून आपल्याकडे ठेवलीत तर वाद मिटवायला आधार राहतो.

यंत्र रोजच्या रोज धुवायचं, आठवड्यातून एकदा गर्बर पद्धतीने पाच नमुने पडताळायचे. ब्युटायरोमीटरमध्ये १० मिलि गंधकाम्ल, १०.७५ मिलि दूध, १ मिलि अमाइल अल्कोहोल, सेंट्रिफ्यूजमध्ये चार-पाच मिनिटं, मग ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचं. पाचही नमुन्यांत यंत्र एकाच बाजूला एक पॉइंट सरकलेलं दिसलं तर दुरुस्तीची सेटिंग करून घ्या. फरक कधी वर, कधी खाली असेल तर यंत्र बरोबर आणि नमुना काढणारा चुकतोय असं समजा.

मापाचा काटाही याच बैठकीत तपासा. संघ किलोत मोजतो, तुम्ही लिटरमध्ये. गाईचं लिटरभर दूध १.०३ किलोच्या आसपास भरतं. काटा लिटरवर लावलेला असेल तर १०.३ किलोचं प्रमाणित वजन ठेवल्यावर १० दिसलं पाहिजे. काटा किलोत असून त्यालाच लिटर समजून बिल केलं, तर बाराशे लिटर दुधाचे १,२३६ लिटर होतात. रोज ३६ लिटरचे १,२२४ रुपये विनाकारण जातात. असा काटा दोन महिने चालला तरी वर्षाची शिल्लक उरत नाही.

आणि नासलेलं दूध. एका रात्री वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, सकाळी टँकरने परत पाठवलं, तर १,२०० लिटरचे ४०,८०० रुपये बुडाले. तक्त्यातली शिल्लक ५३,२५० आहे. एका रात्रीत तिचा तीन चतुर्थांश भाग गेला. त्यासाठी तापमान वाढलं की सेक्रेटरीच्या फोनवर वाजणारा अलार्म आणि दर रविवारी जनरेटर रिकाम्या भारावर नव्हे, कूलर लावून पंधरा मिनिटं चालवणं, एवढं पुरतं. बॅटरीचे दोन-तीन हजार वाचवायला गेलात की हीच रात्र उगवते.

दहा दिवसांचं बिल

महिन्याला तीन बिलं, १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते अखेर. हिवाळ्यात एका बिलाचे पावणेपाच-पाच लाख होतात. संघाचे पैसे ज्या दिवशी खात्यात येतात त्यानंतरची तारीख उत्पादकांना द्या. संघ १७ तारखेला देत असेल आणि तुम्ही १५ ला वाटत असाल, तर मधले दोन दिवस खेळत्या भांडवलातून काढावे लागतात. ते भांडवल नसेल तर तारीख १८ करा. गावाला दोन-तीन दिवस उशीर चालतो, पण एकदा चुकवलेली तारीख चालत नाही.

दुधाचं बँक खातं वेगळं ठेवा आणि त्यातून खर्च करू नका. पगार, वीज, डिझेल दुसऱ्या खात्यातून. बिल वाटून झालं की दुधाच्या खात्यात कपातींशिवाय काही उरायला नको. तिथे सारखी मोठी रक्कम दिसत असेल तर कुणाचं तरी बिल थकलंय. ती रक्कम कमी पडत असेल तर बिलाचे पैसे खाद्याच्या साठ्यात अडकलेत. पशुखाद्याची गाडी रोखीने उतरवायची आणि सभासदाला उधार द्यायचं, ही सवय संस्था बुडवते. खाद्याची उधारी एका उत्पादकाच्या सरासरी बिलाच्या चाळीस टक्क्यांपर्यंतच ठेवा आणि पुढच्याच बिलातून वळती करा. गाय आटल्यावर बिल शून्य होतं, तेव्हा उधारी वसूल व्हायला पुढचं वेत लागतं.

राज्य शासनाचं गाय दुधाचं अनुदान अंदाजपत्रकात घेऊ नका. २०२४ मध्ये लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर झालं तेव्हा ते थेट उत्पादकाच्या बँक खात्यात जमा होणार होतं. संस्थेचं काम जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याची आणि दुधाची माहिती बरोबर भरण्याचं होतं. ती माहिती भरायला माणूस लावलात तर त्याचा पगार मात्र अंदाजपत्रकात येतो.

आता बोनस

दोन प्रकारचे पैसे आहेत. एक, संघाचा दर फरक. कोल्हापूरकडे गोकुळसारखे संघ दिवाळीआधी संस्थांना फरक देतात, तसाच तुमचा संघ देत असेल तर तो ज्या दुधावर आला त्याच दुधाच्या उत्पादकांचा आहे. त्याला संस्थेच्या नफ्यात धरू नका. तो जसा येईल तसा त्या वर्षाच्या लिटरप्रमाणे किंवा रकमेप्रमाणे उत्पादकाच्या खात्यात वळता करा. संघाने लिटरला १ रुपया दिला तर रोज वीस लिटर घालणाऱ्याला ७,३०० रुपये मिळतात. लोक ज्याला दिवाळीचा बोनस म्हणतात तो प्रत्यक्षात हाच असतो.

दुसरा, संस्थेच्या स्वतःच्या शिलकीतला. ३१ मार्चला हिशेब बंद होतात, मग ऑडिट, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा आहे. ५३,२५० मधून १३,३१२ राखीव निधी. भागभांडवल एक लाख असेल आणि ८ टक्के लाभांश दिलात तर ८,०००. शिक्षण निधी वगैरे वजा जाऊन बोनसला तीसेक हजार उरतात. वर्षाची खरेदी १ कोटी ४८ लाख ९२ हजार, म्हणून शंभर रुपयांमागे वीस पैसे, टक्क्यात ०.२. वीस लिटरवाल्याला सुमारे पाचशे रुपये. संस्थेचा खरा बोनस एवढाच. कर्मचाऱ्यांचा बोनस यात येत नाही, तो आधीच खर्चात धरलाय.

वाटप लिटरवर करायचं की रकमेवर? रकमेवर करा. चांगल्या फॅटच्या दुधाला जास्त पैसे गेलेत, म्हणून त्याचा वाटा आपोआप वाढतो, आणि वर्षभर पातळ दूध घालून दिवाळीला पंक्तीला बसणारा कमी घेतो. उन्हाळ्यात दूध दुसरीकडे घालून हिवाळ्यात परत येणाऱ्यांसाठी काही संस्था ‘वर्षातले किमान इतके दिवस दूध’ अशी अट घालतात. अट घालायची असेल तर ती आधीच्या सभेत ठरवा. वाटपाच्या वेळी लावलेली अट म्हणजे भांडणाचं आमंत्रण.

तरीही सभासद एक रुपयाच मागत असतील तर त्यांना सरळ सांगा की तो वर्षभर त्यांच्याच दरातून मागे ठेवावा लागेल. कितीतरी संस्था हेच करतात, फक्त सांगत नाहीत. दर पन्नास पैशांनी कमी लावतात, दिवाळीला तेच पैसे हार घालून परत देतात. मागे ठेवायला हरकत नाही. घरात दिवाळीला एकरकमी पैसे यावेत असं अनेकांना वाटतं, कारण दहा दिवसांच्या बिलातले पैसे खर्चून जातात. पण त्याला बोनस म्हणू नका. बिलावर ‘रिबेट ठेव ५० पैसे’ अशी वेगळी कपात छापा, ती वेगळ्या खात्यात ठेवा, वर्षाचे २,१९,००० होतील. त्यातून खाद्याची गाडी घेतली किंवा पगार भागवला तर दिवाळीला कर्ज काढून रिबेट द्यावा लागतो. खासगी संकलनवाला गावात असेल तर हाही विचार करा. तो हातात पूर्ण दर देतो आणि उन्हाळ्यात तुमचं पन्नास पैसे कमी दिसणारं बिल त्याच्या कामी येतं.

हे मागे ठेवणं वर्ष सुरू होण्याआधी सर्वसाधारण सभेत मांडा. इतिवृत्तात कपातीचा दर, कोणत्या बँकेत ठेवणार, व्याज कोणाचं आणि वाटपाची तारीख, या चार गोष्टी लिहून घ्या. ऑडिटर पुढच्या वर्षी त्याच पानाची झेरॉक्स मागतो.